रक्तदात्याची निवड

रक्तदात्याची निवड म्हणजे रक्तदानासाठी आलेल्या व्यक्तीचे रक्त त्या दिवशी घ्यावे किंवा नाही, हे ठरविण्याची वैद्यकीय प्रक्रिया होय. या प्रक्रियेत नोंदणी अर्ज, आरोग्यविषयक प्रश्न, वजन, नाडी व रक्तदाब यांची मोजणी आणि हिमोग्लोबिनची चाचणी यांचा समावेश होतो. त्यानंतर संकलित झालेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश आणि हिवताप या पाच संसर्गांसाठी तपासणी केली जाते. निवडीमागे दोन उद्देश आहेत. रक्त देणाऱ्याला इजा होऊ नये हा पहिला आणि रक्त घेणाऱ्याला रोग लागू नये हा दुसरा. रक्तदानास नकार मिळालेल्या व्यक्तीला पुष्कळदा आपल्यात मोठा दोष निघाला असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक नकार तात्पुरते असतात आणि त्यांतील बरेचसे दात्याच्याच रक्षणासाठी असतात.

पार्श्वभूमी

भारतात रक्तसंकलनाचे नियम औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांत दिलेले आहेत. रक्त हे कायद्याच्या दृष्टीने औषध मानले जाते, म्हणून रक्तपेढीला औषधनिर्मात्याप्रमाणेच परवाना लागतो. मार्च २०२० मधील दुरुस्तीने या नियमांत 'रक्तपेढी' या नावाऐवजी 'रक्त केंद्र' हा शब्द आला व दात्यांच्या पात्रतेचे निकषही नव्याने मांडले गेले. त्यापूर्वी राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने ऑक्टोबर २०१७ मध्ये दातानिवडीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. बोलीत मात्र रक्तपेढी हाच शब्द रूढ आहे आणि या लेखातही तोच वापरला आहे.

हे निकष कडक होण्यामागे एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भारतातील मोठ्या शहरांत पैसे घेऊन रक्त विकणारे व्यावसायिक दाते होते. पैशाच्या गरजेपोटी ते अल्प अंतराने पुन्हा पुन्हा रक्त देत, त्यामुळे त्यांचे स्वतःचे रक्त पातळ होत जाई आणि आजार लपविण्याचे कारणही त्यांच्यापाशी असे. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निकालात दोन वर्षांच्या आत व्यावसायिक रक्तदान बंद करण्याचा आदेश दिला. या निकालानुसार राष्ट्रीय व राज्य पातळीवर रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या. पैसा मध्ये आला की दाता खरे सांगत नाही, आणि दाता खरे सांगत नसेल तर निवडीची अर्धी प्रक्रिया निकामी होते, हा त्या काळाचा अनुभव होता. रुग्णाच्या नातेवाइकांकडून 'बदली रक्त' मागण्याच्या पद्धतीतही काही प्रमाणात हाच धोका राहतो. भाऊ शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना आपल्याला मागच्या महिन्यात हिवताप झाला होता हे सांगण्याची हिंमत सर्वांना होतेच असे नाही.

शिबिरातील क्रम

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या आठवडे बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा मोठ्या गावांतील बहुतेक रक्तदान शिबिरांतून होते. शहरातील रक्तपेढीचे पथक खाटा, वजनकाटा, रक्तदाबमापक, हिमोग्लोबिन तपासण्याचे साहित्य आणि थंड पेट्या घेऊन शाळेत, मंदिराच्या सभागृहात किंवा मांडवात येते. पथकात वैद्यकीय अधिकारी असणे बंधनकारक असते, कारण दाता घेण्याचा किंवा नाकारण्याचा अंतिम निर्णय त्याचा असतो.

दात्याचे वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. पहिल्यांदाच रक्त देणाऱ्याचे वय ६० पेक्षा अधिक नसावे. ३५० मिलिलिटरच्या पिशवीसाठी किमान ४५ किलो आणि ४५० मिलिलिटरच्या पिशवीसाठी ५५ किलोपेक्षा अधिक वजन हवे. हे आकडे मनाला येईल तसे ठरविलेले नाहीत. शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ८ मिलिलिटर रक्त एका वेळी काढणे सुरक्षित समजले जाते. ४५ ला ८ ने गुणल्यास ३६० येतात, ५५ ला गुणल्यास ४४०. नाडी नियमित व मिनिटाला ६० ते १०० ठोक्यांची, वरचा रक्तदाब १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९० असावा. ताप असू नये.

उपाशीपोटी आलेल्या किंवा उपवास पाळणाऱ्या व्यक्तीचे रक्त घेतले जात नाही. आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार किंवा नवरात्र यांच्या निमित्ताने भरविलेल्या शिबिरांत हा नियम विशेष आठवावा लागतो, कारण पुण्यकर्म म्हणून रक्त द्यायला येणारे भाविक त्याच दिवशी निराहार असतात. रक्त काढल्यावर चक्कर येण्याचा धोका रिकाम्या पोटी, अपुऱ्या पाण्यावर व उन्हात उभे राहिलेल्या दात्याला सर्वाधिक असतो. रात्रपाळी करून न झोपता आलेल्या आणि मद्यपान केलेल्या दात्यालाही परत पाठवितात.

हिमोग्लोबिनची मर्यादा

भारतात रक्तदात्याचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. ही मर्यादा स्त्री व पुरुष या दोघांसाठी सारखी आहे. या एकाच आकड्यामुळे नकार मिळालेल्यांची संख्या अनेक शिबिरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, इतर सर्व कारणांपेक्षा मोठी असते.

ही मर्यादा आणि रक्तक्षयाची मर्यादा एक नाही, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. त्यामुळे १२.२ हिमोग्लोबिन असलेली स्त्री रक्तक्षयी नसते, तरीही तिचे रक्त घेता येत नाही. उलट १२.७ हिमोग्लोबिन असलेला पुरुष व्याख्येने सौम्य रक्तक्षयी असूनही रक्तदानास पात्र ठरतो. सर्वांना समान आकडा ठेवण्याची सोय अशी की मांडवातील कर्मचाऱ्याला एकच मर्यादा पाळायची असते. तिची किंमत अशी की स्त्रिया अधिक नाकारल्या जातात आणि काही पुरुषांचा रक्तक्षय नजरेआड होतो.

मर्यादा का हवी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, ५० किलो वजनाच्या एका स्त्रीचे हिमोग्लोबिन १२.६ आहे. तिच्या शरीरात किलोमागे ६५ मिलिलिटर या हिशेबाने सुमारे ३,२५० मिलिलिटर रक्त असेल. त्यातून ३५० मिलिलिटर काढले, म्हणजे जवळपास नववा हिस्सा गेला. पुढील एक-दोन दिवसांत शरीर गेलेले द्रव पाण्याने भरून काढते, पण तांबड्या पेशी इतक्या लवकर तयार होत नाहीत. त्यामुळे तिचे हिमोग्लोबिन ११.२ च्या आसपास उतरते आणि ते पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. हीच स्त्री ११.५ हिमोग्लोबिन घेऊन आली असती आणि तिचे रक्त घेतले असते, तर ती १०.३ वर आली असती. त्या अवस्थेत शेतात दिवसभर खुरपणी करणे किंवा विहिरीवरून पाणी आणणे म्हणजे धाप आणि थकवा. सत्तर किलोच्या, १४.५ हिमोग्लोबिन असलेल्या पुरुषाकडून तेवढेच रक्त घेतले तर त्याचे हिमोग्लोबिन साधारण १३.५ राहते. त्याला फारसा फरक जाणवणार नाही.

दुसरा हिशेब लोहाचा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. वरील स्त्रीच्या पिशवीत ४४ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे दीडशे मिलिग्रॅम लोह गेले. अन्नातून रोज शरीरात शोषले जाणारे लोह साधारण १ ते २ मिलिग्रॅमच असते, आणि त्यातील बराच भाग रोजच्या झिजेत व पाळीत निघून जातो. शरीराने लोह वाचवून रोज एक मिलिग्रॅम शिल्लक टाकली, तरी दीडशे मिलिग्रॅम भरायला पाच महिने लागतात. पुरुषाला पाळीची झीज नसल्याने हे काम लवकर होते. दोन रक्तदानांत पुरुषाने ९० दिवसांचे आणि स्त्रीने १२० दिवसांचे अंतर ठेवावे, या नियमाचे मूळ याच फरकात आहे. मात्र हिमोग्लोबिन पूर्ववत झाले म्हणजे शरीरातील लोहाचा साठा भरला असे होत नाही. साठा रिकामा होत असतानाही हिमोग्लोबिन काही काळ टिकून राहते. वर्षातून तीन-चार वेळा नेमाने रक्त देणाऱ्या दात्यांमध्ये हा लपलेला लोहाभाव आढळू शकतो. तो शिबिरातील चाचणीत दिसत नाही, त्यासाठी फेरिटिन नावाची वेगळी तपासणी करावी लागते.

घेणाऱ्याच्या बाजूनेही मर्यादेला अर्थ आहे. १२.५ हिमोग्लोबिनच्या दात्याच्या ३५० मिलिलिटर रक्तात सुमारे ४४ ग्रॅम हिमोग्लोबिन असते, तर १० हिमोग्लोबिनच्या दात्याच्या तेवढ्याच रक्तात फक्त ३५ ग्रॅम. पिशवी दोन्ही वेळा सारखीच दिसते, रुग्णाला लाभ मात्र कमी मिळतो.

चाचणीच्या पद्धती

शिबिरात हिमोग्लोबिन तपासण्याची जुनी व स्वस्त पद्धत मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या द्रावणाची आहे. हे द्रावण १.०५३ इतक्या विशिष्ट गुरुत्वाचे तयार केलेले असते, आणि तेवढे गुरुत्व असलेल्या रक्तात साधारण १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब द्रावणाच्या पृष्ठभागापासून सुमारे एक सेंटिमीटर उंचीवरून सोडतात. द्रावणात पडताच थेंबाभोवती पातळ आवरण तयार होते आणि पंधरा सेकंदांपर्यंत त्याची घनता बदलत नाही. तेवढ्या अवधीत थेंब बुडाला तर दाता पात्र आणि मध्येच तरंगला किंवा वर आला तर अपात्र. या पद्धतीने हिमोग्लोबिन किती हे कळत नाही, फक्त मर्यादेच्या वर आहे की खाली एवढेच कळते.

ही पद्धत सोपी असली तरी फसविणारी आहे. रक्त येत नाही म्हणून बोट पिळले तर रक्तात ऊतींतील द्रव मिसळून थेंब हलका होतो आणि चांगला दाता नापास ठरतो. थेंबात हवेचा बुडबुडा शिरला तरी तेच घडते. उन्हाळ्यात उघड्या बाटलीतील पाणी उडून द्रावण दाट झाले की थेंब तरंगू लागतात. मांडवात एकामागून एक तगडे तरुण नापास होऊ लागले तर दोष रक्तात नसून बाटलीत आहे असे समजून द्रावण बदलावे लागते. म्हणून बाटली झाकून ठेवणे, ठरावीक थेंबांनंतर द्रावण टाकून नवे घेणे आणि दिवसाच्या सुरुवातीला त्याचे गुरुत्व तपासणे आवश्यक असते. उलट दिशेची चूक क्वचित होते, पण अधिक घातक असते. काही आजारांत रक्तातील प्रथिने वाढल्यामुळे हिमोग्लोबिन कमी असूनही थेंब बुडतो.

अलीकडे अनेक रक्तपेढ्या हाताएवढ्या लहान प्रकाशमापक यंत्राचा वापर करतात. एका छोट्या पट्टीत रक्त घेतल्यावर यंत्र प्रकाश किती शोषला जातो यावरून आकडा दाखविते. त्यामुळे सीमारेषेवरील दात्याला '१२.१ आहे' असे नेमके सांगता येते. यात पट्टीचा खर्च येतो, आणि पट्टीत बुडबुडा राहिला किंवा ती नीट भरली नाही तर आकडा चुकतो, हे मात्र या यंत्रालाही चुकलेले नाही.

हिमोग्लोबिन कमी आढळल्यावर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी होते. या पार्श्वभूमीवर शिबिरातील नकार हा अनेकांसाठी आपल्या रक्ताची पहिली तपासणी असते. मासिक पाळी असलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण बहुधा लोहाचा अभाव असते. आहारात बाजरी, पालेभाज्या व कडधान्ये असूनही लोह कमी पडू शकते, कारण शाकाहारी अन्नातील लोहाचे शोषण अवघड असते. जेवणासोबत लिंबू, आवळा यांसारखे आंबट पदार्थ घेतल्याने ते सुधारते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्याने ते घटते. पण दहाच्या आसपास उतरलेले हिमोग्लोबिन केवळ आहाराने वर येत नाही, त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात.

पुरुषाचे किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ निघाले, तर त्याचा अर्थ वेगळा असतो. अशा व्यक्तीला लोह गमविण्याचे नैसर्गिक कारण नसते, म्हणून शरीरात कोठेतरी रक्तस्राव होत असण्याची शंका घ्यावी लागते. मूळव्याध, जठरातील व्रण, आतड्याचा कर्करोग आणि अनवाणी शेतात वावरणाऱ्यांच्या आतड्यात राहणारे अंकुशकृमी ही त्याची काही कारणे आहेत. अशा दात्याला 'पालेभाजी खा' असे सांगून परत पाठविणे अपुरे ठरते, त्याला तपासणीसाठी रुग्णालयात पाठविणे योग्य.

नकाराची इतर कारणे

तात्पुरत्या नकाराचा कालावधी कारणानुसार बदलतो. सर्दी-खोकला किंवा ताप असल्यास तो पूर्ण बरा होईपर्यंत थांबावे लागते. हिवताप झाल्यास लक्षणे गेल्यावर ३ महिने, डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाल्यास बरे झाल्यावर ६ महिने आणि टायफॉइड झाल्यास १२ महिने रक्त देता येत नाही. पावसाळ्यानंतरच्या शिबिरांत या कारणाने परतणाऱ्यांची संख्या वाढते. गोंदवून घेतले किंवा कान-नाक टोचले तर १२ महिने थांबावे लागते. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदले जात असेल तर त्या सुईवरून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो, हे या नियमाचे कारण आहे. कुत्रा चावल्यानंतर घेतलेल्या रेबीज लशीसाठीही एक वर्षाचा नियम आहे. खेड्यात हे कारण वारंवार निघते, आणि विचारल्याशिवाय ते कोणी सांगत नाही, कारण लस घेणे हा आजार आहे असे लोकांना वाटत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शननंतर मात्र १४ दिवस पुरेसे असतात.

मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि स्वतः रक्त घेतलेल्यांना १२ महिने थांबण्यास सांगतात. बाळंतपणानंतर १२ महिने, गर्भपातानंतर ६ महिने, स्तनपानाच्या पूर्ण काळात आणि पाळीच्या दिवसांत स्त्रीचे रक्त घेतले जात नाही. हे सर्व काळ एकापुढे एक ठेवले आणि त्यात हिमोग्लोबिनची मर्यादा मिळविली, तर शिबिरांत स्त्रीदात्यांची संख्या कमी का दिसते याचे बरेचसे उत्तर मिळते. त्यात अनिच्छेपेक्षा नियमांचाच वाटा मोठा असावा.

कायमच्या नकाराची कारणे थोडी आहेत. कावीळ ब किंवा क, एचआयव्ही, कर्करोग, गंभीर हृदयविकार, अपस्मार आणि इन्सुलिनवर असलेला मधुमेह ही त्यांपैकी प्रमुख होत. मधुमेहासाठी केवळ गोळ्या घेणाऱ्या व ज्याच्या गोळ्यांचे प्रमाण गेल्या चार आठवड्यांत बदललेले नाही अशा व्यक्तीचे रक्त घेता येते. मधुमेह म्हटला की रक्तदान वर्ज्य, हा समज चुकीचा आहे. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तृतीयपंथी व्यक्ती, पुरुषांशी शरीरसंबंध असलेले पुरुष आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांनाही एचआयव्हीच्या जोखमीचे गट म्हणून वगळले आहे. व्यक्तीच्या वागणुकीऐवजी तिच्या ओळखीवरून नकार देणे भेदभावाचे आहे, या मुद्द्यावर या तरतुदीला २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

प्रत्येक पिशवीची तपासणी

रक्त काढताना पिशवीसोबत काही नमुना-नळ्याही भरल्या जातात. पिशवी, नळ्या आणि दात्याचा अर्ज यांवर एकच क्रमांक असतो. तपासणीचे निकाल येईपर्यंत पिशवी शीतकपाटात 'न तपासलेले' असा शिक्का असलेल्या वेगळ्या कप्प्यात ठेवतात. क्रमांकाची चूक ही तपासणीच्या चुकीइतकीच धोक्याची असते. रक्त निर्दोष असूनही ते चुकीच्या गटाच्या रुग्णाला जाऊ शकते, किंवा दूषित पिशवीवर निर्दोष पिशवीचा निकाल नोंदला जाऊ शकतो.

एचआयव्ही, कावीळ ब आणि कावीळ क यांच्यासाठी सामान्यतः एलायझा किंवा तत्सम पद्धत वापरतात. एचआयव्ही व कावीळ क यांच्या चाचण्या मुख्यतः प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्ये, शोधतात. एचआयव्हीच्या चौथ्या पिढीच्या चाचण्या प्रतिपिंडांसोबत विषाणूचा एक प्रतिजनही शोधतात. कावीळ बसाठी विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रतिजन तपासतात. उपदंशासाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही चाचणी आणि हिवतापासाठी सूक्ष्मदर्शकाखालील रक्तलेप किंवा झटपट चाचणी करतात. कावीळ कची चाचणी भारतात २००१ पासून बंधनकारक झाली.

या सर्व चाचण्यांना एक मर्यादा आहे, आणि दात्याला विचारलेल्या प्रश्नांचे महत्त्व तिच्यामुळेच आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात. या अवधीला विंडो पिरियड, मराठीत गवाक्ष काळ, असे म्हणतात. एचआयव्हीसाठी केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत हा काळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो, तर कावीळ बच्या पृष्ठभाग प्रतिजनासाठी पाच-सहा आठवड्यांचा आणि कावीळ कच्या प्रतिपिंडांसाठी दोन महिन्यांहून अधिक. विषाणूचा जनुकीय पदार्थ थेट शोधणारी न्यूक्लिक ॲसिड चाचणी हा काळ बराच कमी करते. एचआयव्हीसाठी तो दहा-अकरा दिवसांवर आणि कावीळ कसाठी सुमारे आठवड्यावर येतो. काही रक्तपेढ्या ही महागडी चाचणी करतात, परंतु ती भारतभर बंधनकारक नाही.

समजा, एका तरुणाला महिन्याच्या १ तारखेला एचआयव्हीचा संसर्ग झाला आणि १२ तारखेला त्याने गावच्या शिबिरात रक्त दिले. त्याला कोणतीही लक्षणे नाहीत, हिमोग्लोबिन १५ आहे. प्रतिपिंडांची चाचणी निर्दोष येईल. चौथ्या पिढीची चाचणीही बहुधा निर्दोष येईल, कारण प्रतिजन दिसू लागायला साधारण दोन आठवडे लागतात. न्यूक्लिक ॲसिड चाचणीत विषाणू कदाचित सापडेल, कदाचित नाही. रक्ताचे तांबड्या पेशी, बिंबाणू व रक्तद्रव असे घटक वेगळे केले असतील, तर ही एक पिशवी तीन रुग्णांपर्यंत पोहोचू शकते. या साखळीत तिला अडविण्याची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याने एकांतात विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेले खरे उत्तर. म्हणूनच मित्रमंडळींच्या गर्दीत, एका टेबलाशी पाचजण उभे असताना भरलेला अर्ज फार उपयोगाचा नसतो. दात्याला नंतर काही आठवले, किंवा घरी गेल्यावर ताप आला, तर त्याने रक्तपेढीला कळविल्यास पिशवी बाजूला काढता येते. कारण सांगण्याची त्याला सक्ती नसते.

आपल्याला एचआयव्ही झाला आहे काय, हे फुकट कळावे म्हणून रक्तदान करणे याच कारणाने धोक्याचे आहे. अशी शंका असलेली व्यक्ती बहुधा गवाक्ष काळातच असते. त्यासाठी सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत मोफत आणि गोपनीय तपासणीची सोय आहे.

चाचणी दोषी आल्यास

चाचणीत पिशवी प्रतिक्रियाशील आढळल्यास ती वापरली जात नाही. तिचे सर्व घटक नष्ट केले जातात. त्यासाठी दाबाखालील वाफेने निर्जंतुकीकरण करून नंतर विल्हेवाट लावतात. पण प्रतिक्रियाशील निकाल म्हणजे दात्याला रोग झालाच, असे नाही. रक्तपेढीच्या चाचण्या मुद्दाम अतिसंवेदनशील ठेवलेल्या असतात, कारण एक दूषित पिशवी सुटण्यापेक्षा चार चांगल्या पिशव्या वाया जाणे परवडते. समजा, एखाद्या रोगाची लागण हजारात एकाला आहे आणि चाचणी निरोगी व्यक्तींपैकी ९९.५ टक्के जणांना बरोबर निरोगी ठरविते. तर हजार दात्यांत एक खरा बाधित सापडेल, आणि त्यासोबत सुमारे पाच निरोगी व्यक्तीही प्रतिक्रियाशील दिसतील. सहा जणांपैकी पाचांना प्रत्यक्षात रोग नसेल.

यामुळे दात्याला निकाल कसा कळवायचा हा नाजूक प्रश्न ठरतो. निकाल कळविला जावा काय, याची संमती अर्जातच घेतलेली असते. प्रतिक्रियाशील दात्याला रक्तपेढीने बोलावून, समुपदेशन करून, खात्रीच्या चाचणीसाठी पाठवावे असा नियम आहे. एचआयव्हीसाठी वर उल्लेखिलेल्या केंद्राकडे, तर काविळीसाठी रुग्णालयातील वैद्यकशास्त्र किंवा पोटविकार विभागाकडे. ही माहिती गोपनीय ठेवावी लागते आणि शिबिराच्या आयोजकांनाही ती देता येत नाही. अर्जावर चुकीचा पत्ता किंवा दुसऱ्याचा दूरध्वनी क्रमांक दिलेला असेल तर रक्तपेढीला दात्याशी संपर्क साधता येत नाही. मग तो आपल्या संसर्गाविषयी अनभिज्ञ राहतो आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या शिबिरात पुन्हा रक्त देण्यासाठी उभा राहू शकतो.